शंकरपाळी कोणत्या बाजूला आहे?

गेल्या महिन्यात जवळा बाजारच्या माझ्या दवाखान्यात एक ताई आपल्या वयोवृद्ध आईचा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आल्या होत्या. तपासणी आटोपली, औषधाची चिठ्ठी लिहून झाली, तरी ताई उठेनात. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यांचा भाचा वैद्यकीय शिक्षण घेत आहे. त्याने अभ्यासासाठी घेतलेले एक चित्र कुटुंबाच्या गटावर सहज पाठवले होते. मधोमध एक उभी रेषा, तिच्या आजूबाजूला चार लहानमोठे चौकोन, प्रत्येक चौकोनातून आरपार गेलेली आडवी रेघ आणि सर्वांत खाली शंकरपाळ्याच्या आकाराची एक आकृती. करोनाच्या रुग्णांना दिल्या गेलेल्या प्लाझ्माविषयीचे ते चित्र होते.

"डॉक्टरसाहेब, चारपैकी तीन चौकोन प्लाझ्माच्या बाजूला आहेत. म्हणजे आम्हाला प्लाझ्मा मिळाला असता, तर बाबा वाचले असते का हो?"

एप्रिल २०२१मध्ये त्यांचे वडील नांदेडला एका रुग्णालयात प्राणवायूवर होते. दोन रात्री या ताई दूरध्वनीवर दाता शोधत होत्या. रक्तगट जुळणारा, नुकताच बरा झालेला दाता मिळाला नाही आणि वडील गेले. तेव्हापासून 'आपण कमी पडलो' हा काटा त्यांच्या मनात रुतून बसला आहे, आणि या चित्राने तो अधिकच खोल गेला.

त्या एप्रिलमध्ये मी स्वतःदेखील दात्यांचे क्रमांक अनेकांना पुढे पाठवले होते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर थोडी अधिकच येते. ते उत्तर त्याच चित्रात दडलेले आहे; मात्र ते चौकोन मोजून मिळत नाही. म्हणून आजच्या लेखात हे चित्र आपण सावकाश वाचू.

हे चित्र आहे तरी काय?

या आकृतीला 'फॉरेस्ट प्लॉट' म्हणतात. एकाच उपचारावर निरनिराळ्या देशांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एका पानावर, एकाखाली एक मांडून दाखवण्याची ही रीत आहे. आडव्या रेघांची दाटी झाडीसारखी दिसते, म्हणून हे नाव. प्रत्येक ओळ म्हणजे एक चाचणी. चाचणीत रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाचीही निवड न करता पाडलेले असतात. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा, तर दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार किंवा प्लाझ्माऐवजी मिठाच्या पाण्यासारखे निरुपद्रवी द्रव.

चित्र हाती आले की नजर चौकोनांकडे धावते. तिला आवरावे आणि प्रथम शीर्षक वाचावे. तेथे लिहिलेले असते की काय मोजले आहे. ताईंच्या चित्रात मृत्यू मोजले होते. यानंतर उभ्या रेषेखालचा आकडा पाहावा. तो बहुधा १ असतो. ही बरोबरीची रेषा. प्लाझ्मा घेतलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण भागिले प्लाझ्मा न घेतलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण, असा भागाकार केला आणि उत्तर १ आले, तर दोन्ही गट सारखेच. उत्तर १ पेक्षा कमी आले तर प्लाझ्माच्या गटात मृत्यू कमी. चौकोन डावीकडे पडतो. १ पेक्षा अधिक आले तर मृत्यू जास्त. चौकोन उजवीकडे पडतो.

येथेच पहिली फसगत होते. 'डावीकडे म्हणजे उपचाराच्या बाजूने' हा कायमचा नियम नाही. मृत्यूसारखी वाईट घटना मोजली असेल तर डावी बाजू चांगली. पण 'बरे होऊन घरी गेलेले रुग्ण' मोजले असतील तर तीच डावी बाजू उपचाराच्या विरोधात जाते. म्हणून तळाशी दोन्ही बाजूंना 'फेवर्स प्लाझ्मा' आणि 'फेवर्स कंट्रोल' असे लिहिलेले असते. 'फेवर्स' म्हणजे 'च्या बाजूने' आणि 'कंट्रोल' म्हणजे तो उपचार न मिळालेला गट. ही बारीक अक्षरे वाचल्यावाचून चित्राविषयी काहीही बोलू नये.

चार ओळी, एकेक करून

आता कागद घ्यावा. मध्ये उभी रेषा काढून तिच्याखाली १ लिहावे. डावीकडे एका बोटाच्या अंतरावर ०.५ आणि उजवीकडे तेवढ्याच अंतरावर २ लिहावे. निम्मे होणे आणि दुप्पट होणे हे सारखेच मोठे बदल असल्यामुळे या चित्रात ती अंतरे सारखी धरतात. आता चार चाचण्या त्यावर मांडू.

पहिली चीनमधील वुहानची. प्लाझ्मा मिळालेल्या ५१ रुग्णांपैकी ८ दगावले, म्हणजे शंभरामागे सुमारे १५.७. प्लाझ्मा न मिळालेल्या ५० पैकी १२ दगावले, म्हणजे शंभरामागे २४. भागाकार येतो ०.६५. मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी! ऐकायला किती आशादायक. परंतु जरा थांबा. समजा, निव्वळ योगायोगाने दोन मृत्यू एका गटातून दुसऱ्या गटात गेले असते, तर दोन्हीकडे दहा-दहा मृत्यू झाले असते आणि चौकोन जवळजवळ १ वर येऊन बसला असता. केवळ दोन माणसांच्या फरकावर उभा असलेला हा निष्कर्ष आहे.

हा डळमळीतपणा दाखवण्यासाठीच चौकोनातून आडवी रेघ काढलेली असते. तिला 'विश्वासमर्यादा' म्हणतात. खरे उत्तर या रेघेच्या दोन टोकांच्या दरम्यान कोठेही असू शकते, असे ती सांगते. वुहानच्या चाचणीची रेघ ०.२९ पासून १.४६ पर्यंत जाते. म्हणजे प्लाझ्माने मृत्यू ७१ टक्क्यांनी घटतात येथपासून ४६ टक्क्यांनी वाढतात येथपर्यंत काहीही या आकड्यांशी सुसंगत आहे. रेघ उभ्या रेषेला ओलांडून पलीकडे गेली, की त्या एका चाचणीवरून निकाल लागत नाही असे समजावे.

दुसरी अर्जेंटिनातील, खास वृद्धांवर केलेली. ६५ वर्षांवरील १६० जण. दोन्ही गटांत ८०. प्लाझ्मा घेतलेल्यांत २ मृत्यू, न घेतलेल्यांत ४. भागाकार ०.५, चौकोन सर्वांत डावीकडे. पण एकच मृत्यू इकडून तिकडे गेला असता, तर ३ आणि ३, म्हणजे बरोबरी! म्हणून हिची रेघ ०.०९ पासून २.६५ पर्यंत पसरते. आपल्या कागदावर ती दोन्हीकडे आखलेल्या आकड्यांच्या बाहेर जाईल. छापील चित्रांत अशा रेघेच्या टोकाला कधी कधी बाण काढलेला दिसतो.

तिसरीही अर्जेंटिनातीलच, न्यूमोनिया झालेल्या रुग्णांवरची. प्लाझ्मा मिळालेल्या २२८ पैकी २५ मृत्यू, न मिळालेल्या १०५ पैकी १२. दोन्हीकडे शंभरामागे साधारण अकरा. भागाकार ०.९६. चौकोन नावापुरता डावीकडे, रेघ ०.५० ते १.८३.

चौथी आपल्या देशातील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एप्रिल ते जुलै २०२० या काळात महाराष्ट्रासह देशभरातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ही 'प्लॅसिड' चाचणी केली. २०० मिलिलिटरच्या दोन मात्रा, चोवीस तासांच्या अंतराने. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ३४ दगावले; न मिळालेल्या २२९ पैकी ३१. भागाकार १.०७, रेघ ०.६८ ते १.६८. हा एकटा चौकोन उजवीकडे आहे.

या चौथ्या ओळीत आणखी एक गोष्ट दडली आहे. प्लाझ्मा न मिळताही २२९ पैकी १९८ जण वाचले. त्या काळात ज्यांना प्लाझ्मा मिळाला आणि जे वाचले, त्यांच्या घरी 'प्लाझ्माने वाचवले' असेच म्हटले गेले. हे स्वाभाविक होते. पण यांपैकी बहुतेक जण त्यावाचूनही वाचणारे होते, हे दुसऱ्या गटाशी तुलना केल्याखेरीज कळत नाही.

मते मोजू नयेत

आता ताईंचा हिशेब पाहा. तीन चौकोन डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे तीन विरुद्ध एक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हे चालेल, कारण तेथे प्रत्येक मताची किंमत सारखी असते. येथे तशी नसते. चौकोनाचा आकार त्या चाचणीचे वजन दाखवतो. आणि हे वजन केवळ किती रुग्ण घेतले यावर नव्हे, तर मोजायच्या घटना किती घडल्या यावरही ठरते. अर्जेंटिनातील वृद्धांच्या चाचणीत वुहानपेक्षा अधिक रुग्ण होते, पण मृत्यू अवघे सहा. त्यामुळे तिचा चौकोन चौघांत सर्वांत लहान, जेमतेम चार टक्के वजनाचा. उलट एकट्या भारतीय चाचणीचे वजन निम्म्याहून अधिक भरते.

या सर्वांचे वजनानुसार एकत्र केलेले उत्तर म्हणजे तळाची शंकरपाळी. तिचा मध्य म्हणजे एकत्रित उत्तर. तिची डावी-उजवी टोके म्हणजे त्या उत्तराची विश्वासमर्यादा. या चार चाचण्यांचा असा मेळ फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चारही मिळून १,०६० रुग्ण. शंकरपाळीचा मध्य ०.९३ वर, टोके ०.६३ आणि १.३८ वर. मध्य किंचित डावीकडे आहे हे खरे, पण शंकरपाळी उभ्या रेषेवर आडवी पडली आहे. हिचा अर्थ 'प्लाझ्मा उपयोगी' असा नाही आणि 'प्लाझ्मा निरुपयोगी' असाही नाही. हिचा अर्थ एवढाच की, या चार चाचण्यांतून अजून कळलेले नाही.

'माहीत नाही' आणि 'फरक नाही' यांतील अंतर

ताईंच्या भाच्याने पाठवलेले चित्र येथेच संपत होते. त्याच शोधनिबंधात पुढचा भागही होता. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या प्रचंड चाचणीचे प्राथमिक आकडे आणि इतर लहान चाचण्या मिळवल्यावर एकूण दहा चाचण्या व ११,७८२ रुग्ण झाले. त्यांपैकी बहुसंख्य रुग्ण 'रिकव्हरी'चे होते. आता शंकरपाळीचा मध्य १.०२ वर आला आणि टोके ०.९२ व १.१२ वर आली. ती उभ्या रेषेवरच आहे, पण आता बारीक झाली आहे.

पुढे मे २०२१मध्ये 'रिकव्हरी'चा संपूर्ण निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ११,५५८ रुग्ण, प्लाझ्मा मिळालेल्यांत २४ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांतही २४ टक्के. भागाकार १.००, रेघ ०.९३ ते १.०७. आपल्या कागदावर काढून पाहा. उभ्या रेषेच्या दोहों बाजूंना ती जेमतेम नखाएवढी बाहेर येईल.

आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. लांब रेघ १ ला ओलांडते तेव्हा ती म्हणते, 'मला माहीत नाही.' आखूड रेघ १ वर बसते तेव्हा ती म्हणते, 'मला माहीत आहे, आणि सांगण्याजोगा फरक नाही.' दोन्ही चित्रांत रेघ १ ला ओलांडतेच. पण पहिलीत आशेला जागा उरते, दुसरीत ती फारशी उरत नाही. म्हणून चौकोन कोणत्या बाजूला आहे याआधी रेघ किती लांब आहे हे पाहावे.

आयसीएमआरच्या करोना उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा १७ मे २०२१ रोजी वगळण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२१मध्ये तो नेहमीच्या वापरात नसावा असे सांगितले. एप्रिलमध्ये दारोदार धावणाऱ्या कुटुंबांपर्यंत हे शहाणपण वेळेवर पोहोचले नाही. पुरावा फेब्रुवारीतच छापला गेला होता. तो मी तेव्हा वाचला नव्हता, हे आज कबूल केले पाहिजे.

चित्र काय सांगत नाही

चित्र नेमके वाचायचे, तर त्याची हद्दही ओळखायला हवी. अर्जेंटिनातील वृद्धांच्या त्या चाचणीकडे पुन्हा वळू. तिचा मुख्य प्रश्न मृत्यूचा नव्हताच. आजार गंभीर होऊन श्वसनाचा तीव्र त्रास सुरू होतो का, हा होता. प्लाझ्मा घेतलेल्या ८० पैकी १३ जणांना तसा त्रास झाला, न घेतलेल्या ८० पैकी २५ जणांना. भागाकार ०.५२, रेघ ०.२९ ते ०.९४. म्हणजे संपूर्ण रेघ १ च्या डावीकडे! तीच चाचणी, तेच रुग्ण. पण मोजण्याची गोष्ट बदलली आणि ओळ बदलली. म्हणून एखादी चाचणी 'बाजूने आहे की विरोधात' असे मोघम विचारू नये, 'कोणत्या बाबतीत?' असे विचारावे.

या चाचणीतील वृद्धांना लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत, आजार सौम्य असताना, भरपूर प्रतिपिंडे असलेला प्लाझ्मा दिला होता. 'रिकव्हरी'तील रुग्ण मात्र आजार वाढून रुग्णालयात दाखल झालेले होते. पुढे अमेरिकेत घरीच असलेल्या रुग्णांना लवकर प्लाझ्मा देऊन केलेल्या मोठ्या चाचणीतही रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटलेले दिसले. म्हणजे 'रुग्णालयातील रुग्णाचा जीव प्लाझ्माने वाचतो का' आणि 'पहिल्या तीन दिवसांत दिलेला प्लाझ्मा आजार वाढू देत नाही का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे एकाच शंकरपाळीत कोंबली, तर ती शंकरपाळी कोणाचीच नसते. ज्या रुग्णांची सरासरी काढली, त्यांत आपला रुग्ण बसतो का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

गुडघेदुखीच्या गोळ्या, हाडांसाठीची जीवनसत्त्वे, स्मरणशक्तीची औषधे यांच्या जाहिरातींतही अधूनमधून अशी चित्रे दिसतात, आणि कित्येकदा वरच्या दोन-तीन ओळीच कापून दाखवलेल्या असतात. तेव्हा खालची शंकरपाळी कोठे गेली, असे अवश्य विचारावे. मात्र चित्र पाहून चालू औषध स्वतःहून बंद करू नये वा नवे सुरू करू नये. ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.

त्या दिवशी ताईंना मी हेच सारे चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवले. वडिलांना प्राणवायू लागत होता, आजाराचा अकरावा दिवस होता. म्हणजे ते 'रिकव्हरी'तील रुग्णांसारखे होते, अर्जेंटिनातील तिसऱ्या दिवसाच्या वृद्धांसारखे नव्हते. अशा हजारो रुग्णांत, प्लाझ्मा मिळाला काय आणि न मिळाला काय, शंभरातले चोवीस जण गेले.

"एका माणसाच्या बाबतीत काय झाले असते, हे कोणतेच चित्र सांगू शकत नाही, ताई," मी म्हणालो. "पण त्या दोन रात्रींत तुम्हाला जे मिळाले नाही, त्याने त्यांचा जीव वाचला असता असे मानायला या चित्रात आधार नाही."

ताईंनी त्या नखाएवढ्या रेघेवर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच राहू दिले. मग चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, आईचा हात धरला आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली.